उकळलेलं पाणी आणि तीन शून्यं

भोरच्या शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग नव्यानं जोडले गेले तेव्हा जीवशास्त्र शिकवायला मला घेतलं. वय पंचवीस, पदवीची शाई ओली, नोकरी तात्पुरती. मी जन्मजात काळजीखोर. आई म्हणायची, हिच्या हातात पेढा ठेवला तरी ही आधी आत खडा आहे का ते चाचपेल. त्यात बारावीची पहिलीच बॅच आणि पहिलीच प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार होते. आतली परीक्षक मी. त्या वर्षी पौषापासूनच माझी झोप उडाली होती.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, पुढे दक्षिणेकडची पडवी, चार सूक्ष्मदर्शक, त्यातला एक आंधळा. शिपाई म्हणून एक मामा होते, कामथडीचे. गावी त्यांच्या दोन म्हशी होत्या. पहाटे डेअरीला दूध घालून एसटीनं भोरला येत. काचेची भांडी ते अशी पुसायचे की बघत राहावं. "बाई, तुमी उगं जिवाला घोर लावून घेता," हे वाक्य ते मला दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

बॅचमध्ये बारा जण होते. त्यातली एक मुलगी वेल्ह्याकडची, राजगडाच्या पायथ्याच्या पालीची. भोरात मावशीकडे राहायची. उंच, सावळी, बोलायला कमी. हुशार म्हणण्यापेक्षा नेटकी म्हणेन. बेडकाचं चित्र काढताना पायाची बोटं मोजून काढायची. बाकीची मुलं पुस्तकातलं चित्र बघून काढत, ही ताटातल्या बेडकाकडे बघून काढायची. एकदा तिच्या बेडकाला मागच्या एका पायावर चारच बोटं होती. मी खोडायला लावणार, तेवढ्यात ताटात बघितलं. पाचवं बोट खरंच तुटलेलं होतं.

तिचा थोरला भाऊ कापूरहोळला एका गॅरेजात काम करायचा. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली होती, हिच्या मावशीकडे दाणागोटा पोचवायचं काम त्याच्याकडेच. जानेवारीत तो मला भेटायला आला. हात धुतलेले, तरी नखांत काळं ग्रीस. पडवीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बाई, यंदाचं एक वर्स कसंबसं जमतंय. जूनात माजं लगीन, मंग घर वायलं व्हनार. तिला पुण्याला नर्सिंगला जायचंय. पास झाली तर त्यांच्या वसतिगृहात ऱ्हाईल, माज्यावर काय भार न्हाई. पन नापास झाली तर पुन्यांदा भोरात ठेवनं न्हाई जमायचं. तेवडं ध्यानात असू द्या."

प्रात्यक्षिकात स्वतंत्र पास व्हावं लागायचं. लेखी कितीही चांगलं गेलं तरी प्रात्यक्षिकात घसरला की वर्ष गेलं. त्याला मी "होईल हो पास" असं तोंडानं म्हटलं. पण त्या मुलीचं सगळं वर्ष आता माझ्या त्या लांबट खोलीत येऊन बसलं होतं.

प्रकाशसंश्लेषण हा माझा आवडता धडा. आमच्या कॉलेजात तो अर्ध्या तासात उरकला होता, म्हणून मी तो चार तास शिकवला. फळ्यावर हरितलवक काढलं, शेंगेच्या आकाराचं. आत चकत्यांच्या चवडी, म्हणजे ग्राना. भोवतीचा द्रव, म्हणजे स्ट्रोमा. चकत्यांवर ऊन पडतं, पाणी फुटतं, ऑक्सिजन बाहेर जातो आणि उन्हाची ताकद एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंत भरली जाते. ही झाली प्रकाश-अभिक्रिया. मग ते भरलेले रेणू स्ट्रोमात जातात, तिथे त्यांच्या जोरावर कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर घडते. ते कॅल्व्हिन चक्र. पुस्तकात त्याला अंधारातली अभिक्रिया म्हटलं होतं. मी मुलांना बजावून सांगितलं की अंधार लागतो असा त्याचा अर्थ नाही, तिला थेट उजेड लागत नाही एवढंच. रात्री चकत्यांकडून भरलेलं काही येतच नाही, म्हणून रात्री साखर घडायचंही थांबतं. इथवर मी बरोबर होते, आणि त्याचा मला बराच ताठा होता.

पुढे माझी जीभ घसरली. मुलांना पटकन कळावं म्हणून मी म्हटलं, "लक्षात ठेवा, पहिली कमावती आणि दुसरी खाणारी. दुसरीचं पहिलीवाचून अडतं. पहिलीचं दुसरीवाचून काही अडत नाही. ऑक्सिजन येतो पाण्यातून, कार्बन डाय-ऑक्साइडशी त्याचं देणंघेणं नाही." वर्ग हसला. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मीही मनातल्या वहीत पक्कं लिहून ठेवलं.

परीक्षेतला एक ठरलेला प्रयोग पाणशेवाळाचा. नीरेच्या पात्रात हायड्रिला भरपूर. तिची कोवळी फांदी पाण्याखालीच कापायची, काचेच्या कांडीला दोऱ्यानं सैल बांधायची, कापलेलं टोक वर करून पाण्यानं भरलेल्या परीक्षानळीत सोडायची. उन्हात ठेवली की टोकातून बुडबुडे सुटतात. एका मिनिटात किती सुटले ते मोजायचे. मग नळी सावलीत न्यायची, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचे. मग खोलीच्या आत, पुन्हा तसंच. उजेड कमी तसे बुडबुडे कमी. सोपा, देखणा प्रयोग.

फेब्रुवारीत रंगीत तालीम घेतली. आभाळ होतं, बुडबुडे धड येईनात, तास संपत आला. प्रयोगवही तर पूर्ण व्हायला हवी. मी आदल्या आठवड्यात स्वतः घेतलेली मोजणी फळ्यावर लिहून दिली: उन्हात चोवीस, सावलीत पंधरा, खोलीत सहा. मुलांनी उतरवून घेतली. असं सगळीकडेच करतात, मला काही वाटलं नाही. त्या मुलीनं तेवढं विचारलं, "बाई, मी मोजलेले नाहीत, तरी लिहू?" मी म्हटलं, "लिही गं, परीक्षेत मोजशीलच की."

त्याच दिवशी भौतिकशास्त्राचे सर पडवीत येऊन उभे राहिले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आणि दुसऱ्याच्या दुधात माशी शोधण्यात तरबेज. नळीकडे बघत म्हणाले, "हे बुडबुडे तुमच्या शेवाळाचेच कशावरून? विहिरीचं गार पाणी उन्हात ठेवलं की भांड्याच्या काठाला बुडबुडे धरतातच. पाण्यात विरघळलेली हवा असते ती. बाहेरचा परीक्षक शंकेखोर निघाला तर काय सांगणार?"

ते हसून निघून गेले, पण ती शंका माझं डोकं कुरतडायला लागली. मी नुसत्या पाण्याची नळी उन्हात ठेवून पाहिली. शेवाळ नाही, काही नाही, तरी काचेला बारीक बुडबुडे चिकटले. म्हणजे सरांचं खरं होतं. आता मात्र मी इरेला पेटले. परीक्षेत एकही बुडबुडा उपरा दिसता कामा नये. पाणी उकळलं की त्यातली हवा निघून जाते. मग ते झाकून गार करायचं. त्यात जो बुडबुडा सुटेल तो निव्वळ शेवाळाचा, निव्वळ ऑक्सिजन! पाणी आहे, ऊन आहे, प्रकाश-अभिक्रियेला आणखी लागतं काय? कमावतीला खाणारीची गरज नाही, हे तर मीच शिकवलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मामांनी स्टोव्हवर पातेल्यांमागून पातेली उकळली. "लई येळ उकळा," मी म्हटलं होतं, त्यांच्याच भाषेत. हंड्यात भरून वर घट्ट फडकं बांधलं. पातेल्याच्या तळाशी पांढरा चुन्यासारखा थर धरला होता. आमच्या विहिरीचं पाणी जड. मामा तो नखानं खरवडत म्हणाले, "बाई, आजवर कदी पानी उकळलं न्हवतं. शेवाळ तर नदीतच वाडतं. त्याला काय ताप आलाय?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही उकळा हो." फांदी घालून एकदा तपासावं हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण तोवर ऊन उतरलं होतं, आणि आसनक्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या.

परीक्षक सकाळच्या गाडीनं आले. पांढरा शर्ट, जाड भिंगं, बोलणं मऊ. शंकेखोर वगैरे मुळीच वाटले नाहीत. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. बारांपैकी पाच जणांना शेवाळाचा प्रयोग आला, त्यात तीही होती. मी पाचही जणांना हंड्यातलं पाणी काढून दिलं. नळ्या उन्हात ठेवल्यावर फांद्यांतून चार-दोन बुडबुडे सुटले. ते पाहून मी निर्धास्त झाले आणि आत खोडाचे काप घेणाऱ्या मुलांकडे गेले. तिथे एकानं ब्लेडनं बोट कापून घेतलं होतं, त्यातच माझा तास गेला.

अकराच्या सुमाराला परीक्षकांनी मला पडवीत बोलावलं. त्यांच्या हातात तिची उत्तरपत्रिका होती.

"बाई, हे बघा. उन्हात शून्य, सावलीत शून्य, खोलीत शून्य. हिला प्रयोग मांडताच आलेला नाही. बाकी चौघांचं उत्तम आहे."

बाकी चौघांच्या पत्रिका टेबलावर होत्या. चोवीस, पंधरा, सहा. तेवीस, पंधरा, सहा. पुन्हा चोवीस. एकानं धिटाई करून पंचवीस केले होते.

त्यांनी तिला विचारलं, "शून्य का लिहिलंस?"

ती उभी राहिली. घाबरली की तिची गावची बोली बाहेर यायची. "बुडबुडे आलेच न्हाईत, सर. आदी चार आले, मंग बंद झाले. म्या धा मिन्टं थांबून पुन्यांदा मोजलं."

"प्रयोगवहीत तर आकडे आहेत तुझ्या."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी नळ्यांकडे बघायला लागले.

तिच्या नळीत एकही बुडबुडा नव्हता. शेजारच्या नळीत नव्हता. त्याच्या शेजारच्याही नाही. पाच नळ्या चैत्राच्या तोंडच्या लख्ख उन्हात उभ्या, पाच हिरव्यागार फांद्या, आणि पाणी जागच्या जागी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौघांनी फळ्यावरचे माझे आकडे लिहिले होते. डोळ्यांनी बघून लिहिणारी एकटीच होती, आणि नापास होत होती तीही एकटीच.

"सर," मी म्हटलं, "गुण आत्ताच भरू नका. मला जरा वेळ द्या."

ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "जेवणाच्या सुटीपर्यंत थांबतो. चारच्या गाडीनं मला निघायचंय."

मुलं डबे खायला चिंचेखाली गेली. ती गेली नाही, पायरीवर पुस्तक उघडून बसली. पान उलटत नव्हती. मी मामांना घेऊन मागच्या अंगणात गेले. दोरा मामांनी बांधला. एका नळीत विहिरीचं ताजं पाणी, दुसरीत हंड्यातलं उकळलेलं. फांद्या एकाच झुपक्यातल्या. दोन्ही उन्हात ठेवल्या आणि आम्ही दोघं उकिडवे बसलो.

ताज्या पाण्यात पाचव्या मिनिटाला बुडबुड्यांची माळ लागली. टोकातून, एकामागून एक. उकळलेल्यात दोन सुटले, तिसरा टोकाला अडकून बसला, आणि पुढे काही नाही.

"पान्यातच खोट हाय," मामा म्हणाले.

खोट होती हे मलाही दिसत होतं. काय होती ते कळत नव्हतं. उकळून मी पाण्यातून काय काढलं? हवा. हवेत काय होतं? आणि तो पातेल्याच्या तळाचा पांढरा थर, तो तरी कुठून आला? पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड मी उडवून लावला होता. जड पाण्यातल्या क्षारांत जो अडकलेला होता, तोही उकळून घालवला आणि मागे चुना उरला. पण त्याचा ऑक्सिजनशी संबंध काय? ऑक्सिजन पाण्यातला! माझं मन तेच घोकत होतं. मग वाटलं, उकळलेलं पाणी हवेचं उपाशी, निघालेला ऑक्सिजन कदाचित तेच गिळत असेल, म्हणून बुडबुडा दिसत नसेल. तपासायचं कसं? एकच मार्ग सुचला. मामांना म्हटलं, "एसटी स्टँडच्या हॉटेलातून चिमूटभर खायचा सोडा आणा. पळत जा."

मामा पळतच गेले, पुडी घेऊन आले. त्या उकळलेल्याच नळीत मी सोड्याचे चार कण टाकून हलवलं. सोड्यातून फांदीला कार्बन मिळतो. हवा मात्र पाण्यात परत येत नाही. पाणी तेच, ऊन तेच, फांदी तीच.

चार-पाच मिनिटांत माळ लागली.

मी तिथेच मातीत फतकल मारली. शिकले होते सगळं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण डोक्यात आज शिरलं. मी मोठ्यानं बोलायला लागले, समोर मामा होते म्हणून त्यांना. "मामा, चकत्यांवर ऊन पडतं, तिथे ताकद भरली जाते आणि भरलेले रेणू पलीकडे जातात. पलीकडे ते कार्बन डाय-ऑक्साइडवर खर्च होतात. आता कार्बन डाय-ऑक्साइडच नाही, तर ते खर्च कुठे होणार?"

मामांनी तंबाखू मळता मळता ऐकलं. म्हणाले, "आमच्या डेअरीवानी झालं की. भरल्याले क्यान गाडीतनं पुण्याला जात्यात, तितनं रिकामे येत्यात. एक डाव गाडी आलीच न्हाई, रिकामे क्यान न्हाईत. म्हस दारात हंबरतीया, पर दूध काडायचं कशात?"

अगदी तेच. कॅल्व्हिन चक्र नुसतं खात नाही. खाऊन झालं की रिकामे रेणू परत धाडतं, एडीपी आणि एनएडीपी. ते परत आले तरच चकत्यांना पुढचं पाणी फोडता येतं. ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, पण पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन घ्यायला पलीकडून कुणी रिकामं आलं नाही तर लख्ख उन्हातही चकती हात बांधून बसते. कमावतीचं खाणारीवाचून अडतं. हे शेवाळाला ठाऊक होतं, नीरेकाठच्या मुलुखभरच्या गवताला ठाऊक होतं, फक्त जीवशास्त्राच्या बाईला नव्हतं. मला स्वतःचा असा राग आला की हंड्याला लाथ घालावी. अति शहाणी ती मीच.

त्या मुलीची तीन शून्यं मग मला दिसली. तीन अगदी बरोबर शून्यं. त्या पडवीत त्या दिवशी तेवढंच एक उत्तर खरं होतं.

मी तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. तिथे परीक्षक एकटेच डबा खात होते. सगळं सांगितलं. पाणी मी उकळायला लावलं, चूक माझी, मुलीचं निरीक्षण खरं. सोड्याचंही सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. भिंगांआडून डोळे चमकले. "छान," ते म्हणाले. "फार छान. पंचवीस वर्षं शिकवतोय, असं दाखवायचं मला सुचलं नाही." मला वाटलं, सुटले.

त्यांनी डबा बंद केला. "पण बाई, तिचं शून्य खरं असेल, तर बाकी चौघांना चोवीस बुडबुडे कुठे दिसले?"

त्यांनी डबा बाजूला सारला.

"एकाच हंड्यातलं पाणी ना?"

"हो."

"आणि आकडे चौघांचे जवळजवळ सारखे. प्रयोगवहीतले. तेही बहुधा त्यांचे नव्हेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "हे बघा. तिचं शून्य बरोबर धरून मी गुण दिले, तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की चौघांवर खोट्या नोंदींचा अहवाल जाईल. तुम्हालाही विचारणा होईल. नाहीतर दुसरी वाट आहे. तिच्या नळीत दोष होता असं मानू. एकटीला दुपारी पुन्हा प्रयोग करू द्या, ताज्या पाण्यात. बाकीच्यांच्या नळ्या मी काही जवळून बघितल्या नव्हत्या. तुम्ही अंतर्गत परीक्षक आहात, तुम्ही सांगा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चौघं काही बदमाश नव्हते. त्यांनी माझेच आकडे मला परत दिले होते. त्यांचीही वर्षं होती, त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. माझी नोकरी जूनमध्ये कायम व्हायची होती, हे मात्र सांगितलं नाही. ते सांगावं लागलंच नाही, ते आधीच मनात पाय पसरून बसलं होतं.

"पुन्हा करू दे तिला," मी म्हटलं.

ती पायरीवरच होती. माझ्या हातात ताज्या पाण्याचं भांडं होतं. मी म्हटलं, "तुझ्या नळीत दोष होता. पुन्हा प्रयोग करायचा. सर परवानगी देताहेत."

तिनं भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, पाणी तर समद्यांचं एकाच हंड्यातलं होतं ना? मग दोष माझ्याच नळीत कसा?"

एवढा सरळ प्रश्न. उत्तर मला येत होतं. अर्ध्या तासापूर्वी मातीत बसून मी ते मामांना समजावलं होतं. तिला दोन वाक्यांत सांगता आलं असतं की तुझं शून्य बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं. पण मागे खिडकीत परीक्षक उभे होते, आणि चिंचेखालून ते चौघं हात धुऊन येत होते.

"प्रश्न विचारत बसू नकोस," मी म्हटलं. "सरांची गाडी आहे. पटकन मांड."

"माजं काय चुकलं, तेवडं तरी सांगा."

"काही नाही. मांड तू."

ती उठली. मी आत गेले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले, कारण आता मला धडकी होती ती पुन्हा बुडबुडे न येण्याची. फांदी तिनं नीट कापली, पाण्याखाली, तिरपी. दोरा सैल बांधला. नळी उन्हात ठेवली. एक मिनिट गेलं, दोन, चार. मग माळ लागली. लखलखीत, भरघोस, तालमीतही कधी आली नव्हती अशी. वाटलं, आता मोज. मोज गं बाई, हे सगळे तुझे आहेत.

ती नळीकडे बघत होती. घड्याळ तिच्या हाताशी होतं. तिनं ते उचललं नाही. तिची नजर शेजारच्या टेबलावर गेली, जिथे सकाळी बाकीचे बसले होते. तिनं पत्रिका पुढे ओढली, जुनी शून्यं एकेका रेघेनं नेटकी खोडली, आणि लिहायला लागली. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं ते. लिहून झाल्यावर टाचा जुळवून परीक्षकांची वाट बघत उभी राहिली.

परीक्षक आले. नळीतले बुडबुडे बघून त्यांचा चेहरा फुलला. "आता कसं!" म्हणाले आणि पूर्ण गुण दिले. अंतर्गत परीक्षकाच्या सहीसाठी पत्रिका माझ्याकडे सरकवली.

चोवीस, पंधरा, सहा.

ती पास होणार होती. नर्सिंगला जाणार होती. भाऊ सुटणार होता. गेले दोन महिने मी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आता ते हातात आलं तर मला रडू कोसळायच्या बेतात होतं. नळी तिनं सावलीत नेलीच नव्हती. ती अजून पडवीच्या उन्हात होती, बुडबुडे सोडत. मी सही केली.